डोकं नेमकं कधी दुखायला लागलं?

“हिला पित्त झालंय, डॉक्टर. एक इंजेक्शन द्या, उतरेल.”

स्ट्रेचरच्या पायथ्याशी उभं राहून नवरा सांगत होता. बाई डोळ्यांवर ओढणी घेऊन निपचित पडल्या होत्या, हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी. वय 42, माध्यमिक शाळेत शिक्षिका. विशीपासून अर्धशिशी. महिन्यातून दोन-तीनदा डोकं धरायचं आणि उलटी झाली की उतरायचं. आमच्या कॅज्युअल्टीत डोकं धरून येणाऱ्यांपैकी बहुतेक जण अशाच जुन्या दुखण्याचे असतात. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं वावगं नव्हतं.

सिस्टरनी तोवर बीपी, नाडी, ताप आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, सुईने टोचून साखरही पाहिली. बीपी 168/98 निघालं आणि नवऱ्याला लगेच कारण सापडलं, “बघा, बीपीनंच!” खरं तर बहुतेक वेळा उलटं असतं. दुखण्यानं आणि घाबरण्यानं बीपी चढतं आणि दुखणं थांबलं की आपोआप उतरतं. ते भराभर उतरवायचं औषध अशा वेळी आम्ही सहसा देत नाही.

मी बाईंना विचारलं, “ताई, डोकं दुखायला लागलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात?”

“गॅसची टाकी सरकवत होते. अकरा वाजता. कुणीतरी मागून घण घातला असं वाटलं.”

“हळूहळू वाढलं की एकदम?”

“एकदम. टाकी हातातून सुटेपर्यंत.”

या उत्तरानं पुढचा सगळा दिवस ठरला. अर्धशिशी चढते. अर्धा तास, तासभर, कधी दोन तास घेते. मिनिटभराच्या आत कळस गाठणारं दुखणं वेगळं. मेंदूच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या धमनीला फुगा आलेला असतो आणि तो फुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त पसरतं, तेव्हा डोकं असं दुखतं. असं एकदम दुखणाऱ्यांतही साधारण दहातल्या एखाद्याचंच रक्त निघतं. पण तो एक जण चुकला, तर फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत जास्त असतो. त्यामुळे “किती दुखतंय, दहापैकी किती?” हा प्रश्न सगळे विचारत असले, तरी दहापैकी दहा दुखणाऱ्या अर्धशिशीपेक्षा दहापैकी सात दुखणारं पण क्षणात आलेलं डोकं मला जास्त घाबरवतं.

मग तपासणी. पेशंटच्या घरच्यांना ती पोरखेळ वाटते. डोळ्यांत टॉर्च, बाहुल्या सारख्या आहेत का. दात दाखवा, गाल फुगवा. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरा, तळवे वर. मेंदूच्या एका बाजूला इजा असेल तर एक हात नकळत आत वळून खाली येऊ लागतो. माझ्या बोटाला शिवा, मग आपल्या नाकाला. पायाच्या तळव्यावर टोकदार वस्तूनं रेघ. ऑफ्थॅल्मोस्कोपनं डोळ्याच्या आतला पडदा. कवटीतला दाब वाढला असेल तर तिथली नस सुजलेली दिसते. शेवटी उताणं झोपवून मी त्यांच्या डोक्याखाली हात घातला आणि हनुवटी छातीकडे नेऊ लागलो. रक्तानं किंवा मेंदूज्वरानं आवरणं चिडलेली असली तर मान अशी ताठ होते की डोकं उचलताना खांदेही सोबत वर येतात. त्यांची मान वाकली, पण शेवटच्या दोन बोटांवर त्या कळवळल्या. हे ‘ताठ’ म्हणायचं की दुखण्यानं अंग चोरलं म्हणायचं? अशा वेळी संशयाचा फायदा पेशंटला द्यायचा.

घड्याळात सव्वा वाजला होता. सीटी स्कॅनचं आणि या रक्ताचं एक वेळापत्रक आहे. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत, चांगल्या मशीनवर काढलेला आणि रेडिओलॉजिस्टनं वाचलेला सीटी जवळपास शंभर टक्के रक्त पकडतो. पुढे रक्त पाण्यात मिसळत जातं, विरतं आणि सीटीची नजर कमी होत जाते. “आज झोपू दे, उद्या बघू” यात रात्र जाते ती नेमकी ही. अर्धशिशीच्या नेहमीच्या पेशंटला मात्र दर वेळी सीटी लागत नाही, आणि तो काढा म्हणून हटून बसण्यात अर्थ नाही. तिथे तो नॉर्मलच येतो.

सीटीला जाण्याआधी त्यांना विचारलं की पाळी कधी आली होती, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का. नवऱ्यासमोर त्या अवघडल्या, पण हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारावाच लागतो, औषधं त्यावर ठरतात. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आलेली डोकेदुखी तर आम्ही वेगळ्याच नजरेनं पाहतो, कारण तेव्हा मेंदूच्या शिरांत गाठ धरू शकते.

स्कॅन काही मिनिटांत झाला. पावणेदोन वाजता रिपोर्ट आला, रक्त नाही. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात लॅबचा कागद आला. हिमोग्लोबिन 8.6.

हे आमच्याकडचं खास दुखणं. सीटीवर रक्त पांढरं दिसतं ते त्यातल्या हिमोग्लोबिनमुळे. ते फारच कमी असेल तर सांडलेलं रक्त आजूबाजूच्या मेंदूसारखंच करडं दिसू शकतं. म्हणून सहा तासांचा तो भरवसा एवढ्या पंडुरोगी माणसाला लागू करत नाहीत. सीटी स्वच्छ होता, पण बाईंच्या बाबतीत तो पुरेसा नव्हता. पुढचा मार्ग मणक्यातून पाणी काढण्याचा.

हे नवऱ्याला समजवायला सीटीपेक्षा जास्त वेळ लागला. “मणक्यात सुई घातली की माणूस अधू होतो” ही भीती घरोघरी आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये जाते, जिथे फक्त पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात. थोडंसंच पाणी काढतात आणि शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवं तयार करतं. त्यात पाहायचं असतं पिवळेपण. सांडलेल्या रक्तपेशी फुटून पाण्याला पिवळा रंग यायला साधारण बारा तास लागतात. म्हणजे आम्ही पाणी काढणार होतो रात्री अकराला.

तोवर दुखण्याचं काय? सीटीपूर्वीच शिरेतून 1 ग्रॅम पॅरासिटामॉल सलाईनसारखं पंधरा मिनिटांत सोडलं होतं. नवरा “ते कमरेवरचं इंजेक्शन” मागत होता, म्हणजे डायक्लोफेनॅक. गावोगावी हेच देतात आणि अर्धशिशीला ते चालतंही. पण ते प्लेटलेट मंदावतं, म्हणून रक्ताची शंका फिटेपर्यंत थांबलो. किडनीचा आजार, अल्सर, वेदनाशामकानं दमा उसळण्याचा त्रास असेल तर ते टाळतात, आणि पावसाळ्यात ताप-डोकेदुखीमागे डेंग्यू असू शकतो तेव्हाही. उलटी थांबेना म्हणून मेटोक्लोप्रामाइड 10 मिलिग्रॅम सांगितलं. उलटीचं औषध म्हणून लोक याला ओळखतात, पण अर्धशिशीचं डोकंही ते स्वतंत्रपणे उतरवतं.

ते पंधरा मिनिटांत सावकाश द्यायचं. गर्दीत रेसिडेंटनं दोन मिनिटांत ढकललं. पाचेक मिनिटांत बाई उठून बसल्या, पाय हलवू लागल्या, सलाईनच्या नळीला हात घातला. “मला घरी जायचंय, आत्ताच्या आत्ता.” नवऱ्याला वाटलं मेंदूत काहीतरी झालं. झालं होतं एवढंच, की औषध झपाट्यानं गेलं की अंगात कीड वळवळल्यासारखी अस्वस्थता येते. पेशंट याला ‘घाबरं होणं’ म्हणतात आणि डॉक्टरही कधीकधी तीच चूक करतात. प्रोमेथाझिनचं एक इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत त्या शांत पडल्या. इंजेक्शननंतर असं झालं तर लाजून गप्प बसू नका, सिस्टरना सांगा, आणि पुढच्या वेळी त्या औषधाचं नाव आधीच कानावर घाला.

चार वाजेपर्यंत दुखणं नऊवरून तीनवर आलं. नवरा उठला. “उतरलं की! म्हणजे पित्तच होतं.” इथेच बरेच जण सही करून घरी जातात. औषधानं दुखणं उतरलं म्हणजे कारण साधं होतं असं मुळीच ठरत नाही. मेंदूभोवतीच्या रक्तानं दुखणारं डोकंही या औषधांनी कमी होऊ शकतं. झोपेचं इंजेक्शन मागणाऱ्यांनाही आम्ही टाळतो ते याचसाठी. झोपलेला पेशंट गुंगीत गेलाय की औषधानं झोपलाय, हे कळणार कसं?

आणखी एक गोष्ट चौकशीत निघाली. बाई मेडिकलमधून अर्धशिशीची एर्गोटामीन असलेली गोळी आणायच्या, या महिन्यात अकरा दिवस घेतली होती. ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. सुमाट्रिप्टान, जे अर्धशिशीला चामडीखाली टोचतात, तेही आवळतं. एर्गोटामीननंतर चोवीस तासांत ते देत नाहीत, आणि घण घातल्यासारख्या दुखण्यात तर मुळीच नाही, कारण वाहिन्यांनी आक्रसणं हेच अशा दुखण्याचं एक कारण असतं. घरून निघताना गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका म्हणतो ते यासाठी. शिवाय अशी मिश्र गोळी महिन्यात दहा दिवस किंवा जास्त, काही महिने चालली, की तीच डोकं दुखवू लागते.

रात्री अकरा वाजता बाईंना कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं. भूल देणारी बारीक सुई आधी, मग लांब सुई. त्यांना कमरेत दाब जाणवला, एकदा पायात वीज चमकून गेली आणि मग पाणी थेंबथेंब बाटलीत पडू लागलं. पहिली बाटली किंचित गुलाबी, चौथी नितळ. सुईच वाटेत एखाद्या शिरेला लागली की असं होतं. मेंदूभोवतीचं रक्त असतं तर चारही सारख्या दिसल्या असत्या. बाटली फिरवून रंग निवळल्यावर पांढऱ्या कागदासमोर धरली. पाण्यासारखं पाणी. लॅबनंही पिवळेपणा नसल्याचं कळवलं.

सकाळी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा सीटी झाला, फुगा नाही, आवळलेली वाहिनी नाही. जाताना डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं, अर्धशिशीच्या दुखण्याची दोन-तीन दिवसांत पुन्हा उसळी येऊ नये म्हणून. त्या रात्री झोप कमी लागेल हेही सांगितलं. बाई उठून बसल्या की डोकं दुखायचं आणि आडव्या झाल्या की थांबायचं. हे आमच्या सुईचं दुखणं, बहुधा आठवडाभरात जातं. वाढतच गेलं किंवा ताप आला तर मात्र परत यायचं.

डिस्चार्ज कार्डावर एर्गोटामीन बंद, लोहाच्या गोळ्या, रक्त कमी का आहे याचा शोध, दोन आठवडे जड उचलायचं नाही, एवढं लिहिलं. शेवटी मोठ्या अक्षरात: असंच एकदम पुन्हा दुखलं, शुद्ध हरपली, हातपाय लुळे पडले, तर 108 ला फोन.

नवऱ्यानं कार्ड दोनदा वाचलं. “मग झालं कशानं, ते लिहिलंच नाहीत की.”

“अर्धशिशीच असावी, या वेळी नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेनं आलेली. पण तेवढ्यावर सही करायला मी तयार नाही. काय नाही, ते मात्र सगळं लिहिलंय.”

बाई व्हीलचेअरवरून म्हणाल्या, “अकरा वाजता, टाकी सरकवताना. हे पण लिहा त्यावर.”

लिहिलं.