सव्वा सेकंदाचा हिशेब

मधोमध मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना पाहू शकतो, पण तो कोणालाच दिसत नाही. जेरेमी बेंथमने 1791 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘पॅनॉप्टिकॉन’ तुरुंगाचा आराखडा म्हणून ओळखला जातो. मूळ कल्पना मात्र त्याचा भाऊ सॅम्युएल याची, आणि ती सुचली कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी, रशियन साम्राज्यातल्या क्रिचेव्ह येथे.

मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने 1975 मध्ये त्यातले मर्म उलगडले. आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही, हेच कळत नसेल तर माणूस कायम नजरेखाली असल्यासारखा वागू लागतो. पहारेकरी जेवायला गेला तरी पहारा चालूच राहतो, कारण तो आता कैद्याच्या मनात बसलेला असतो. दुकानातल्या कॅमेऱ्यामागे कोणी बसलेले नसले, तरी नोकर स्टुलावर टेकायला कचरतो, ते यामुळेच.

गोदामातला स्कॅनर याच्या पुढे जातो. फ्रान्समधल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत प्रत्येक कामगाराच्या हाती स्कॅनर असतो. वस्तू फळीवर ठेवली, उचलली, बांधली की त्याची नोंद होते. या नोंदींतून कंपनी काही निर्देशक काढत असे. आधीच्या वस्तूनंतर 1.25 सेकंदांच्या आत पुढची स्कॅन केली, तर घाईत चूक होण्याचा धोका म्हणून नोंद. स्कॅनर दहा मिनिटे किंवा जास्त थांबला, तर वेगळी नोंद. एक ते दहा मिनिटांच्या खंडासाठी आणखी एक. म्हणजे घाई नोंदली जाई आणि उसंतही. इथे ‘कोणी पाहत असेल का’ ही शंकाच उरत नाही. पाहिले जातेच, आणि ते 31 दिवस जपून ठेवले जात होते.

डिसेंबर 2023 मध्ये ‘सीएनआयएल’ या तिथल्या माहिती-संरक्षण संस्थेने कंपनीला 3.2 कोटी युरोंचा दंड केला. कंपनीने निष्कर्ष अमान्य केले. संस्थेचे म्हणणे असे, की इतक्या बारीक मोजमापामुळे कामगाराला प्रत्येक थांब्याचे कारण द्यावे लागू शकते. पाणी प्यायला थांबलेल्याने आपली बाजू मांडायची आणि यंत्राने काहीच सांगायचे नाही, ही उलटी रीत मला सर्वांत जाचक वाटते.

संस्थेने मोजमापावर सरसकट बंदी घातली नाही. कोणी अडला असेल तर मदत पाठवायला, काम फिरवून द्यायला त्या-त्या वेळची माहिती लागते, हे तिने मान्य केले. पण त्यासाठी महिनाभराचा प्रत्येक तपशील कशाला? कामाचा आढावा घ्यायला, उदाहरणार्थ, आठवड्याची एकत्रित आकडेवारी पुरते, असे तिने सांगितले.

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हाही हेच विचारायला हवे होते: हजेरीसाठी किती माहिती लागते, ती किती दिवस ठेवणार, आणि घड्याळ चुकले तर कापलेल्या पगाराची दाद कोणाकडे मागायची?