कुलपामागे कोण?

दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, चार जीबी रॅम आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. शेजारच्या मोबाइलवर त्याच वायफायवर पान झटकन उघडतं, लॅपटॉपवर मात्र गोल फिरत राहतं. शिव्या खातो तो बिचारा इंटरनेटवाला.

अशा वेळी Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि डाउनलोड सुरू करावं. नेटवर्कचा आकडा कमी, पण प्रोसेसर किंवा डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली आणि यादीत सर्वांत वर अँटिव्हायरस, असं दिसलं तर चोर घरातच आहे. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी तिथे Antimalware Service Executable या नावाने दिसतो. झिप फाइल उतरली की तो ती आतून उघडून तपासतो, आणि संथ डिस्क तेवढ्यानेच धापा टाकते.

फायरवॉलवर मात्र उगाच आळ येतो. नुसते नियम पडताळणं हे हलकं काम. जड असते ती काही अँटिव्हायरसांमधली एचटीटीपीएस तपासणी: कूटबद्ध मजकूर उलगडायचा, चाळायचा, पुन्हा कूटबद्ध करून ब्राउझरकडे द्यायचा. जुन्या प्रोसेसरला हे प्रत्येक पानामागे करावं लागतं.

ती चालू आहे का, हे ओळखणं सोपं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावरून साइटचं प्रमाणपत्र उघडावं. ते देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरस कंपनीचंच नाव असेल, तर मध्यस्थ सापडला. सेटिंगमध्ये तेवढीच तपासणी थांबवून तेच पान पुन्हा उघडून पाहावं. फरक लगेच कळतो. फाइलींवरचा पहारा तसाच चालू ठेवावा, कारण उतरलेली फाइल तो तरीही तपासतोच.