इंजिनिअरिंगला असताना ‘नीट’ द्यायची असेल तर

अकरावी-बारावीला पीसीएम घेतलं, सीईटी दिली, मेकॅनिकलला प्रवेश झाला. पहिल्या सत्रातच मुलीच्या लक्षात आलं की हे आपलं काम नाही, आपल्याला डॉक्टर व्हायचंय. घरात पहिला प्रश्न येतो : एकदा प्रवेश घेतल्यावर पुन्हा प्रवेश परीक्षा देता येते का?

नीटपुरतं उत्तर सरळ आहे. देता येते. दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला असणं नीटच्या आड येत नाही. वय किमान सतरा हवं, वरची वयोमर्यादा २०२२मध्ये निघाली आणि कितीदा परीक्षा द्यावी यावर बंधन नाही. इथे लोक आयआयटीच्या नियमाशी गल्लत करतात. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात आणि आयआयटीतली जागा एकदा स्वीकारली की वाट बंद, असा तिथला रूढ नियम आहे. ती भीती नीटला लावायचं कारण नाही.

मुलीची खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे बारावीच्या गुणपत्रिकेत नसलेलं जीवशास्त्र. पूर्वी हा विषय अकरावी-बारावीत नियमितपणे शिकलेला असणं सक्तीचं होतं, त्यामुळे पीसीएमवाल्यांसाठी वैद्यकीय शिक्षणाचं दार बंदच होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर सूचना काढून ते उघडलं. आता बारावी झाल्यावरही मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होता येतं.

आपल्या राज्य मंडळाच्या भाषेत असे परीक्षार्थी ‘तुरळक विषय’ घेऊन बसणारे. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं सत्र संपण्याआधीच निर्णय व्हायला हवा. दिवाळीनंतर बघू म्हटलं की बहुतेक वेळा वर्ष गेलं. शिवाय जीवशास्त्राचा पेपर लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचा. प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा आणि ती करून घेणारे शिक्षक लागतात, त्यामुळे ज्या कॉलेजातून बारावी केली त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पुढचं वेळापत्रक अंगावर येणारं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं, मग लेखी परीक्षा, मे महिन्यात नीट, आणि त्याच सुमारास इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे असतात. भौतिक आणि रसायनशास्त्राची पीसीएमची तयारी उपयोगी पडते, पण ती उरलेल्या अर्ध्या पेपरापुरतीच. दहावीनंतर जीवशास्त्र न उघडलेल्या मुलीला हा अर्धा पेपर कॉलेजची हजेरी सांभाळून तयार करायचा आहे. माझ्या मते इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. नियम त्यांना अडवत नाहीत, वेळ अडवतो.

पात्रतेचा हिशेब एकदा मांडून पाहू. खुल्या प्रवर्गात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. समजा, मुलीला बारावीत भौतिकशास्त्रात ६२, रसायनशास्त्रात ५८ होते आणि नव्याने दिलेल्या जीवशास्त्रात ४५ मिळाले. बेरीज १६५, म्हणजे ३००पैकी ५५ टक्के, चाललं. गणिताचे ९५ असले तरी या बेरजेत त्यांची गणती नाही.

आता इंजिनिअरिंगच्या जागेचं काय? नीटची जागा हातात येईपर्यंत ती सोडू नये. निकाल जूनमध्ये लागला तरी प्रवेशफेऱ्या त्यानंतर बरेच दिवस चालतात, आणि त्याच काळात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होऊन फी मागितली जाते. जागा मिळाली की प्रवेश रद्द करायचा आणि कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायचा. पहिल्या वर्षाचे पैसे गेले असंच धरून चालावं. मात्र काही खासगी कॉलेजं उरलेल्या वर्षांचीही फी मागतात किंवा मूळ कागदपत्रं अडवून ठेवतात, ते खपवून घेऊ नये. एआयसीटीईच्या नियमांनुसार पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ दाखलेही ठेवून घेता येत नाहीत. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. जात वैधता प्रमाणपत्र मागच्या वर्षीचं चालतं, पण नॉन-क्रीमीलेयरची मुदत तपासावी लागते आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं काढावं लागतं. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते, म्हणून ही कामं एप्रिलमध्येच उरकावीत.

एवढा खटाटोप जमणार नसेल आणि आरोग्यक्षेत्रातच जायचं असेल, तर बी.फार्म.ला पीसीएमवरही प्रवेश मिळतो. तिथे जीवशास्त्राची परीक्षा नको आणि नीटही नको, एमएचटी-सीईटी मात्र त्या वर्षीची पुन्हा द्यावी लागते.