पडदा अडतो कुठे?

पडदा अडला की आपण खालून हिसका देतो आणि दुखणं वाढवतो. वर ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये रनर धावत असतात. रनर म्हणजे दोन बाजूंना नायलॉनची दोन बारीक चाकं आणि मधून खाली आलेली कडी, जिच्यात पडद्याचा हुक अडकतो. चाकं आतल्या दोन कडांवर चालतात, कडी मधल्या फटीतून लोंबते. तिरका हिसका बसला की एक चाक कडेवरून उचललं जातं आणि रनर आडवा होऊन रुततो. फट जरा फाकलेली असेल तर तो थेट हातातच येतो.

म्हणून आधी पडदे उतरवून ठेवावेत आणि एकेक रनर बोटाने सरकवून पाहावा. सगळेच एका जागी अडखळले तर खोड चॅनेलची. एकच रनर सगळीकडे रखडत असेल तर खोड त्याची.

आमच्या शेजारच्या काकांकडे हॉलच्या रुंद खिडकीवर दोन तुकडे जोडून चॅनेल बसवलं होतं. प्रत्येक रनर नेमका सांध्यावर थबकायचा. काकांनी तोवर दोनदा नवे रनर आणून घातले होते, अर्थात उपयोग शून्य. स्टुलावर चढून सांध्यावर नख फिरवलं तर पायरी लागली: एका तुकड्याचा ब्रॅकेट सैल होऊन तो किंचित खाली उतरला होता. ब्रॅकेटचा स्क्रू काढला, भोकात मोठा रावळप्लग ठोकला, स्क्रू पुन्हा कसला. सांध्याची कड बारीक पॉलिशपेपरने घासली. अर्ध्या तासाचं काम.

मग सफाई. टोकाचा स्टॉपर सैल करून रनर बाहेर काढले. चॅनेल भिंतीला भिडलेलं असेल तर मात्र ते ब्रॅकेटवरूनच उतरवावं लागतं. आत धूळ आणि कापडाचे तंतू यांचा काळा थर होता, आणि तो चिकट होता, कारण कुणीतरी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. तेलाने चार दिवस पडदा पळतो, नंतर तेच तेल धूळ धरून ठेवतं. जुना टूथब्रश फिरवला, पट्टीला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून आतून पुसलं, पूर्ण वाळू दिलं. शेवटी कडांवर मेणबत्ती घासली. सिलिकॉन स्प्रेही चालतो.

रनर उन्हाने पिवळे पडून ठिसूळ होतात, कडी आधी तुटते. नवे आणताना जुना रनर दुकानात न्यावा, चाकाची जाडी आणि मानेची रुंदी जुळली पाहिजे. चाक लहान असेल तर रनर फटीतून निसटतो, मोठं असेल तर फिरतच नाही. घालताना एक-दोन जास्त घालावेत, आणि भिंतीकडचा शेवटचा हुक स्टॉपरच्या कडीत अडकवावा, नाहीतर पडदा ओढताना तेही टोक मागोमाग येतं.

फट फाकलेली असेल तर पक्कडीने दाबायच्या फंदात पडू नये. पत्र्याला पोचे पडतात आणि रनर प्रत्येक पोच्यावर अडतो. तो तुकडाच बदलावा.