दहा अंशांना दुप्पट, पण नक्की काय दुप्पट?

हा भाग कानावर पडताना आकडे निसटले असतील, तर इथे निवांत वाचा. परीक्षेत सगळे लिहितात, 'तापमान दर 10 अंश वाढलं की डायोडचा रिव्हर्स सॅच्युरेशन करंट दुप्पट होतो.' मार्क मिळतात. पण सिलिकॉनच्या डायोडला हे वाक्य जसंच्या तसं लावलं तर गडबड होते. कशी, ते बघू.

आधी समीकरण. विल्यम शॉक्लीने 1949 मध्ये मांडलेलं:

```
I = Is * (e^(V/VT) - 1)
```

V म्हणजे डायोडवरचा व्होल्टेज. VT खोलीच्या तापमानाला साधारण 26 मिलिव्होल्ट. आता डायोड उलटा जोडा, V उणे होऊ द्या. ते e वालं पद शून्याकडे जातं आणि उरतो फक्त उणे Is. व्होल्टेज आणखी वाढवला तरी करंट तिथेच अडकतो, म्हणून 'सॅच्युरेशन'.

हा Is येतो कुठून? पी बाजूला होल भरपूर, इलेक्ट्रॉन मोजकेच. हे मोजके इलेक्ट्रॉन जंक्शनपर्यंत भटकत आले की पलीकडे ओढले जातात (एन बाजूच्या होलचंही तसंच). होल किती ते डोपिंगने ठरलेलं, उष्णतेने फारसं बदलत नाही. पण होल आणि इलेक्ट्रॉन यांच्या संख्यांचा गुणाकार ni² इतकाच राहतो. ni म्हणजे शुद्ध सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची घनता. म्हणजे ni² वाढला की मोजके इलेक्ट्रॉन वाढले, आणि Is त्याच पटीत वाढला.

आता उष्णता. इलेक्ट्रॉन मोकळा करायला सिलिकॉनमध्ये 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. 300 केल्विनला उष्णतेची ऊर्जा असते 0.0259. म्हणजे उडी सुमारे 43.3 पट उंच. तापमान 310 केल्विन केलं की हाच आकडा 41.9 होतो. फरक फक्त 1.4 चा, पण तो e च्या घातांकात बसलाय! e^1.4 म्हणजे जवळजवळ 4. म्हणजे 10 अंशांत Is दुप्पट नाही, चौपट. बारीकसारीक घटक धरले तर साडेचार पटीच्या आसपास.

मग ते 'दुप्पट' आलं कुठून? मीटर लावून जो करंट मोजतो, तो बहुतेक वेळा Is नसतोच. एका मिलिॲम्पिअरला 0.65 व्होल्ट दाखवणाऱ्या आदर्श सिलिकॉन डायोडचा Is समीकरणातून काढा, तो येतो साधारण 10^-14 ॲम्पिअर. प्रत्यक्षात उलटा करंट मिळतो नॅनोॲम्पिअरच्या घरात, म्हणजे लाखभर पट जास्त. हा जादाचा करंट जंक्शनच्या मधल्या रिकाम्या थरात, डिप्लीशन थरात, तयार होतो. स्फटिकातल्या दोषांमुळे तिथे ऊर्जेच्या मध्यावर एक पायरी मिळते. इलेक्ट्रॉन 1.12 ची उडी एका दमात मारत नाही, पायरीवर पाय ठेवून दोन अर्ध्या उड्या मारतो. म्हणून हा करंट ni² च्या नव्हे, ni च्या पटीत वाढतो. घातांकातला फरकही अर्धा, 0.7. आणि e^0.7 म्हणजे 2. हे घ्या आपलं दुप्पट!

पडताळा हवाय? 1N4148 ची डेटाशीट उघडा. 20 व्होल्टला उलट्या करंटची कमाल मर्यादा 25 अंशांना 25 नॅनोॲम्पिअर आणि 150 अंशांना 50 मायक्रोॲम्पिअर दिलीय. म्हणजे 2000 पट, जवळजवळ 11 वेळा दुप्पट. 125 अंश भागिले 11, साधारण 11.4 अंशांना एकदा. या हमीच्या मर्यादा आहेत, मोजमाप नव्हे, तरी नियम दिसतोच.

आणि Is खरंच चौपट होतो याचा पुरावा? सरळ जोडलेला डायोड. करंट कायम ठेवला तर त्याचा व्होल्टेज दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्ट घटतो, यावर तापमान मोजणारे सेन्सर चालतात. तापमानाबरोबर VT वाढतो, त्यामुळे व्होल्टेज वाढायला हवा, 0.65 व्होल्टला दर अंशाला 2.2 मिलिव्होल्ट. Is ची वाढ त्याला खाली ओढते. Is 10 अंशांना दुप्पटच झाला असता तर ही ओढ 1.8 इतकीच, आणि डायोड तापल्यावर व्होल्टेज चक्क थोडा वाढला असता! साडेचार पट धरा, ओढ येते 3.9. राहिला 1.7 चा उतार. किंचित कमी वाटतोय, कारण गणित आपण ढोबळ केलंय.

म्हणून सर्किट करताना आधी विचारा, डायोड सरळ आहे की उलटा. समजा सेन्सरच्या इनपुटला संरक्षणासाठी उलटा डायोड लावलाय, समोर 1 मेगाओहमचा रेझिस्टर आणि गळती 5 नॅनोॲम्पिअर. चूक फक्त 5 मिलिव्होल्ट. डबा उन्हात 40 अंशांनी तापला की चार वेळा दुप्पट, म्हणजे 80 मिलिव्होल्ट. टेबलावर सगळं बरोबर आणि गच्चीवर रीडिंग सरकलेलं, अशी तक्रार असेल तर आधी हाच डायोड काढून बघा. रीडिंग जागेवर आलं, तर गळती तिथलीच.