बॉक्स क्रिकेटचं आमंत्रण: सोळा संघ की बारा?

दिवाळी आटोपली की शहरांतल्या टर्फवर बॉक्स क्रिकेटच्या स्पर्धांना ऊत येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रणांची पत्रकं फिरू लागतात. पत्रकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत बक्षिसाची रक्कम असते. पण मुरलेला कर्णधार आधी विचारतो, “सामने किती मिळणार?” पाच षटकांचा एक सामना हरून पाऊण तासात घरी जायचं असेल, तर साडेतीन हजार रुपये प्रवेश फी कोण भरेल?

समजा, ठाण्यातल्या एका मंडळाने शनिवार-रविवार मिळून बारा तास टर्फ घेतलं आहे. प्रत्येक संघात सात खेळाडू, पाच षटकं, एका गोलंदाजाला एकच षटक. एका षटकाला साधारण चार मिनिटं धरली, तर दोन डावांची चाळीस आणि अदलाबदलीची पाच, म्हणजे सामना ४५ मिनिटांचा. सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते, पण निम्मे संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडतात. त्याऐवजी बारा संघ घेऊन तिघा-तिघांचे चार गट केले, तर गटांचे बारा, उपांत्य दोन आणि अंतिम एक, असे सामने पंधराच होतात. टर्फचा वेळ तेवढाच लागतो, तरी प्रत्येक संघाला दोन सामन्यांची हमी मिळते. संयोजकांना चार फींवर पाणी सोडावं लागतं, पण पुढच्या वर्षी संघ परत येतात.

शनिवारी दुपारी तीन ते रात्री नऊमध्ये आठ सामने बसतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे आणखी ताणायला तशीही सोय नाही. रविवारी सकाळी आठला सुरुवात करून उरलेले सात सामने सव्वा वाजता संपतात आणि पाऊण तास बक्षीस समारंभाला राहतो. तिघांच्या गटात एक खाच मात्र आहे. तिघांनीही एकेक सामना जिंकला, तर पुढे कोण जाणार? धावगतीने ठरवणार असाल, तर तसं पत्रकातच लिहावं. समोरचा संघ आलाच नाही तर धावगती कशी धरायची, हेही लिहावं. मैदानावर घेतलेला निर्णय कितीही योग्य असला, तरी हरलेल्याला तो पक्षपातीच वाटतो.

आता पैशांचं बघू. दर जागेनुसार बदलतात, हे आकडे केवळ नमुन्याचे. बारा संघांचे ३,५०० प्रमाणे ४२,००० रुपये जमतात. टर्फचे तासाला १,२०० धरून १४,४००, पंच आणि गुणलेखकाचे ६,०००, चेंडूंचे ३,०००, चषक-पदकांचे ४,५००, पाणी, प्रथमोपचार आणि बॅनरचे ३,००० मिळून खर्च ३०,९००. उरले ११,१००. म्हणजे पहिलं बक्षीस ७,००० आणि दुसरं ४,०००. प्रायोजकाचे पैसे हातात पडण्याआधी पत्रकावर ‘२१,०००’ छापणाऱ्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. नऊच संघ आले, तर जमा ३१,५०० होते. दोन-तीन सामने कमी होऊन खर्च थोडा उतरला, तरी टर्फचं भाडं बुक केलं तेवढं द्यावंच लागतं आणि बक्षिसाला जेमतेम काही उरतं. म्हणून ‘बारा संघ पूर्ण झाल्यास’ हे शब्द रकमेच्या शेजारीच हवेत, आणि फी जमा झाल्यावरच नाव पक्कं, ही अटही.

नियमांत सगळ्यांत जास्त भांडणं जाळीवरून होतात. बाजूच्या जाळीला चेंडू थेट लागला तर एक धाव की दोन? छताला लागला तर डेड बॉल की बाद? जाळीवरून उसळून क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावलेला झेल धरायचा का? प्रत्येक टर्फवर उत्तर वेगळं असतं आणि ज्याला जे सोयीचं तोच नियम त्याला आठवतो. हातभर लांब नियमावलीपेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रकात असलेली बरी. ओव्हरआर्म की अंडरआर्म, हेही. दुसरी तक्रार ठरलेली: उपांत्य फेरीला अचानक उगवणारा परगावचा पाहुणा फलंदाज. गुरुवारपर्यंत नावांची यादी, एक खेळाडू एकाच संघात आणि सामन्याआधी ओळखपत्र, एवढ्यावर ते थांबतं.

पत्रक असं चालेल: “शनिवार-रविवार, बारा संघ, प्रत्येकाला किमान दोन सामने. सात खेळाडू, पाच षटकं, टेनिस बॉल, ओव्हरआर्म. फी ३,५००, फी भरल्यावरच प्रवेश. वेळेवर न आल्यास दहा मिनिटांनी सामना प्रतिस्पर्ध्याला. बाजूच्या जाळीला थेट एक धाव, छताला लागल्यास डेड बॉल, जाळीवरचा झेल बाद नाही. गटात बरोबरी झाल्यास धावगती. बारा संघ पूर्ण झाल्यास बक्षिसं ७,००० आणि ४,०००, चषकासह. पंचांचा निर्णय अंतिम.”

पावसाची किंवा वीज जाण्याची शक्यता असेल, तर राखीव तारीख आणि फी परत मिळणार की नाही, ही एक ओळ वाढवा. आणि बक्षिसाची रक्कम रविवारी मैदानावरच द्या. ‘नंतर जीपे करतो’ म्हणणाऱ्या मंडळाच्या पुढच्या स्पर्धेला संघ येत नाहीत.