बिंदूवर न मावणारा इलेक्ट्रॉन

हायड्रोजनच्या अणूत अडकलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. सर्वांत खालची पायरी उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टची, वरची उणे ३.४ची, मधे काहीच नाही. इलेक्ट्रॉन अणूतून सुटला की पायऱ्या संपतात आणि शून्यापुढची कोणतीही ऊर्जा त्याला चालते. हाच सलग वर्णपट. मोकळ्या इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग यांचे वर्णपटही असेच सलग असतात, आणि अडचण इथेच सुरू होते.

क्वांटम भौतिकीत कणाची अवस्था तरंगफल सांगते. कण कुठे ना कुठे सापडणारच, म्हणून तरंगफलाच्या वर्गाखालचे एकूण क्षेत्रफळ १ भरावे लागते. पायरीवरच्या अवस्था ही अट पाळतात. मग ‘इलेक्ट्रॉन नेमका याच बिंदूवर आहे’ असे म्हणणारी अवस्था?

तिच्यासाठी पॉल डिरॅक यांनी डेल्टा फल वापरले. कागदावर एक आयत काढा: रुंदी १/१०, उंची १०, क्षेत्रफळ १. आता रुंदी १/१००० आणि उंची १००० करा. क्षेत्रफळ पुन्हा १च. रुंदी अशी शून्याकडे नेत राहिले की डेल्टा मिळते. पण संभाव्यता उंचीच्या वर्गातून येते, हे विसरून चालत नाही. पहिल्या आयताच्या उंचीचा वर्ग १००, म्हणून क्षेत्रफळ १०. दुसऱ्याचे थेट १०००. आयत जितका अरुंद, तितका हा आकडा मोठा. शेवटी तो अनंत होतो, आणि अनंताला कशानेही भागले तरी १ येत नाही.

निसर्गही याला दाद देत नाही. इलेक्ट्रॉनच्या स्थानातली अनिश्चितता ०.१ नॅनोमीटरवर आणली, तर अनिश्चिततेच्या नियमानुसार त्याची गतिज ऊर्जा सरासरी निदान १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असावीच लागते. जागा दहापट आवळली की ही ऊर्जा शंभरपट होते. बिंदूवर आणायला अनंत ऊर्जा लागेल.

संवेग अगदी नेमका असला तर उलटे होते. तरंग सगळीकडे सारखा पसरतो. १ मीटर लांबीच्या जागेत तो असेल तर एका सेंटिमीटरात कण सापडण्याची शक्यता शंभरात एक. १ किलोमीटर असेल तर लाखात एक. जागेला अंतच नसेल, तर कुठल्याही सेंटिमीटरासाठी शून्य.

मग या अवस्था ठेवायच्या कशाला? कारण मोजपट्टीवरच्या रेघांसारखा त्यांचा उपयोग होतो. डिरॅक यांच्या पद्धतीत एका अवस्थेची स्वतःची ‘लांबी’ १ असावी, असा आग्रह नसतो. दोन वेगवेगळ्या स्थानांच्या अवस्थांचा गुणाकार शून्य, आणि सगळ्या स्थानांवर बेरीज केली की १; पायऱ्यांच्या जगातल्या ०-१ च्या नियमाची जागा δ(x − x′) घेते. खरा इलेक्ट्रॉन जवळजवळच्या अनेक संवेगांच्या तरंगांची बेरीज असतो. त्याचे पुडके मर्यादित जागेत मावते आणि क्षेत्रफळ १ भरते.

विद्यार्थ्याच्या वहीत संभाव्यतेच्या उत्तरात δ(0) उरले, तर चूक बहुधा एकच असते: मोजपट्टीची रेघ त्याने कण समजून वापरलेली असते. प्रत्यक्षात शोधकाच्या प्रत्येक चौकटीलाही काही रुंदी असते, आणि ‘इथे सापडला’ याचा अर्थ तेवढ्या रुंदीत सापडला.